दांड्याची नोटीस

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तळमजल्यावर एक खिडकी आहे. तिच्या अलीकडे माणसं तावातावानं बोलत असतात आणि पलीकडे एक बाई शांत बसलेली असते. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, बिल मात्र वेळेवर, असं सगळं गावभरचं गाऱ्हाणं त्या खिडकीतून आत जातं. त्या बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिला तक्रारताई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्याचं काही वाटत नाही.

तिची एक पद्धत होती. माणूस कितीही आदळआपट करू दे, ती त्याला मध्येच तोडायची नाही. त्याचा सगळा जोर संपला की म्हणायची, "मला कळलं ते असं," आणि त्याचीच तक्रार त्याला साध्या शब्दांत परत सांगायची. शिव्या गाळून, विशेषणं गाळून. नुसतं काय झालं, कुठं झालं, कधीपासून. निम्मी माणसं तिथंच निवायची. उरलेल्यांना ती विचारायची, "आता तुमचं नेमकं मागणं काय?" यावर बरेच जण गप्प व्हायचे, कारण भांडायला आलेल्या माणसानं मागणं ठरवलेलंच नसतं.

नवरा तिच्या अगदी उलट. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायचा धंदा. हात सोन्याचे आणि तोंड फटकळ. गिऱ्हाईकानं कापडाला हात लावून नाक मुरडलं तर हा म्हणायचा, "मग उभं राहा, बसू नका." ताई म्हणायची, "तुमची गिऱ्हाइकं माझ्या खिडकीवर आली नाहीत, हे माझं नशीब." तरी दोघांचं छान चाललं होतं. एकानं पेटायचं, दुसऱ्यानं पाणी ओतायचं, असा संसार आजवर कधी मोडलेला नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. म्हातारीची नजर हळूहळू गेली आणि शेवटी पुरती गेली. पण त्या दोन खोल्यांत ती आंधळी आहे हे नवख्याला पटकन कळायचं नाही. लेकानं भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा बसवला होता, तिच्या पलंगापासून निघून दाराजवळ वळून थेट मोरीपर्यंत. त्याच्यावर हात ठेवून म्हातारी घरभर फिरायची. चहा करायची, सांडशी कुणी जागेवर ठेवली नाही म्हणून सुनेला बोल लावायची. दाराबाहेर मात्र ती दगड व्हायची. एकदा तपासणीला दवाखान्यात नेली, तर बाकावरून उठेचना. "इथं भिंत कुठाय ते मला माहीत नाही," म्हणाली. त्या दिवसापासून ताईच्या मनात पक्कं बसलं होतं की हे घर सुटलं तर म्हातारी उरलेलं आयुष्य एका जागी बसून काढेल.

आणि नेमकी तीच वेळ आली.

जुने घरमालक भला माणूस. दांडा बसवला तेव्हा ते स्वतः दुसरं टोक धरून उभे होते. परवानगी विचारली तर म्हणाले होते, लाव की, भिंत काय रडणार आहे होय? ते गेले, आणि इमारत पुतण्याच्या नावावर झाली. पुतण्याला ती रिकामी करून विकायची होती, हे आख्ख्या जिन्याला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब मुकाट निघूनही गेलं. मग एक दिवस रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. तुम्ही मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागेत पक्कं बांधकाम केलं आहे, सबब महिन्याभरात घर रिकामं करून ताबा द्यावा, नाहीतर कोर्टात दावा लावू.

नवऱ्यानं ते वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. कसलं बांधकाम? काय मजला चढवलाय का आम्ही? त्यानं कागद ओढला आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं, "हे घर तुझ्या बापाचं आहे का?"

ताई म्हणाली, "बापाचं नाही, पण काकाचं आहे. खोडा ते."

गंमत अशी की पहिल्यांदा ती पुतण्याच्याच बाजूनं विचार करायला लागली. इतकी वर्षं दुसऱ्याची तक्रार खरी धरून चालायची सवय. लेखी परवानगी खरंच नव्हती. दांडा खरंच होता. म्हणजे आपलंच चुकलं की काय? खिडकीच्या पलीकडच्या माणसाची हीच गोची असते. स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं, हे त्याला कधी कोणी शिकवलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कोर्टाच्या आवारात गेली. तिथं मोफत कायदा सल्ल्याची एक खोली असते. बाकावर तासभर बसल्यावर नंबर लागला. टेबलामागच्या वकीलबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. घर सोडायचा हुकूम कोर्ट देतं, तोही दोन्ही बाजू ऐकून. तोवर कोणी कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, तर तेच बेकायदा. पण गप्पही बसायचं नाही. उत्तर लेखी द्यायचं, पोचपावतीसह पाठवायचं, आरोप कबूल करायचा नाही, आणि भाडं एक दिवसही थकवायचं नाही. नोटीस वकिलामार्फत आली म्हणून उत्तरही वकिलाकडेच, मालकाला प्रत. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, "आणि चिडून लिहू नका. उद्या हेच पत्र न्यायाधीशांसमोर जाईल."

"चिडून लिहायला आमच्या घरी वेगळं माणूस आहे," ताई म्हणाली, तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा तिला हसू आलं.

मग तिनं आपलं नेहमीचंच केलं. नोटीस समोर ठेवली आणि जणू पुतण्या खिडकीवर आला आहे असं समजून त्याची तक्रार आधी त्याला परत सांगितली.

"आपली नोटीस मिळाली. आपलं म्हणणं असं, की आम्ही जागेत लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं. हे आम्हाला मान्य नाही. आपल्याला भिंतीवरचा, हात धरून चालायचा लाकडी दांडा म्हणायचा आहे की आणखी काही, ते कळवावं. भाडेकराराच्या कोणत्या अटीप्रमाणे आणि कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आपण घर रिकामं करायला सांगत आहात, तेही लेखी कळवावं. भाडं आजवर वेळेवर दिलं आहे आणि पुढेही देत राहू. आमचे सर्व हक्क राखून, समोरासमोर बसून बोलायची आमची तयारी आहे. घरात दृष्टी गेलेल्या वृद्ध बाई आहेत, म्हणून भेट शक्यतो इथेच व्हावी, म्हणजे आपल्याला जागाही पाहता येईल."

नवऱ्यानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे उत्तर आहे की लग्नाची पत्रिका? या, बसा, पाहा म्हणे." म्हातारी पलंगावरून म्हणाली, "असू दे. गोडीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं." लेक धुसफुसत राहिला, पण सही दोघांनी केली, कारण भाडेकरारावर नाव त्याचं होतं.

पत्र गेलं. पोचपावती आली. उत्तर येईना. ते दिवस फार वाईट गेले. जिन्यात पाऊल वाजलं की ताईचा हात थांबायचा. एकदा कोणी अनोळखी माणूस खालून इमारतीचे फोटो काढून गेला. भाडं नेऊन दिलं तर पुतण्यानं घेतलं नाही, तेव्हा तिनं ते मनीऑर्डरनं पाठवलं आणि पावती नीट ठेवली, जसं वकीलबाईंनी सांगितलं होतं. खिडकीवर बसून ती लोकांच्या तक्रारी ऐकत होती, पण ऐकलेलं डोक्यात राहीना. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एका माणसाला विचारलं, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." तो माणूसच बिचारा घाबरला.

अखेर वकिलाचं पत्र आलं. हो, दांडाच. करारात लिहिलं आहे की लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही, आणि भाडेकायद्यातही त्यासाठी ताबा मागता येतो, कलम अमुक. भेटीला हरकत नाही, येत्या रविवारी सकाळी मालकासह जागा पाहायला येऊ.

ताईला जरा धीर आला. निदान आता समोर काय आहे ते कळलं. नवऱ्याला मात्र त्यातलं एकच वाक्य दिसलं, जागा पाहायला येऊ. तो काही बोलला नाही, आणि फटकळ माणूस गप्प झाला की समजावं काहीतरी शिजतंय. ताईच्या ते लक्षात आलं नाही, कारण ती पुन्हा कोर्टाच्या आवारात त्या खोलीत जायच्या गडबडीत होती. शनिवारी अर्ध्या दिवसानं काम संपवून ती तिकडं गेली. पक्कं बांधकाम म्हणजे काय, हे तिला विचारायचं होतं. वकीलबाईंनी सांगितलं की जे मूळ बांधकामाला मोठी इजा न करता काढता येतं, ते सहसा पक्कं धरत नाहीत. तिनं ते वाक्य पाठ केलं आणि बसमध्ये घरापर्यंत घोकत आली.

घराचं दार उघडं होतं. म्हातारी मोरीच्या तोंडाशी जमिनीवर बसलेली होती आणि मनगट पोटाशी धरून होती. नवरा तिच्यापुढे ओणवा झालेला. भिंतीवर दांडा नव्हता. नुसती भोकं होती, पलंगापासून मोरीपर्यंत.

म्हातारी जेवून झोपली तसा त्यानं पेचकस घेतला होता. पाहायला येतात काय? येऊ देत, दांडाच दिसणार नाही, मग कसली नोटीस नि कसलं काय. सगळे पेच काढले, दांडा सुटा करून खाली आपल्या दुकानात नेऊन ठेवला. तेवढ्यात म्हातारी जागी झाली. सवयीनं हात बाजूला नेला, तिथं काही नाही. वाटलं, आपणच चुकलो. आणखी पुढं हात नेला. भिंत लागली, पण भिंतीवरचं ते ओळखीचं लाकूड कुठंच लागेना. मग तिला आपण कुठल्या घरात आहोत हेच कळेना. लेकाला हाका मारत चार पावलं चालली आणि पडली.

"अहो, निदान त्यांना सांगायचं तरी," ताई म्हणाली. याहून जास्त ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं नवऱ्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. दवाखान्यात पट्टी बांधून आणली. पण म्हातारी पलंगावर निजली ती भिंतीकडे तोंड करून. चहा घेतला, गोळी घेतली. लेकाशी मात्र एक शब्द नाही.

रविवारी सकाळी पुतण्या आणि वकील आले. वकील वयस्क, सावकाश बोलणारा. पुतण्या उभाच राहिला, जणू बसलं तर जागेवर पाणी सोडावं लागेल. ताईनं पाणी दिलं. नवऱ्यानं ठरवलेलं वाक्य म्हणून टाकलं. कसला दांडा? पाहा, कुठं आहे का.

वकिलानं चष्मा चढवला आणि भिंतीजवळ जाऊन भोकं पाहिली. खाली जमिनीवर गिलाव्याची भुकटी होती. तीही पाहिली. पुतण्याचा चेहरा उजळला. "म्हणजे रातोरात पुरावा काढलात," तो म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं. साहेब, आता तर हे सरळ कबुलीच झाली."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं बायकोकडे पाहिलं. खोटं रेटायचं की काय करायचं, हे ती ठरवणार होती आणि घर तिच्या ओठावर होतं. ताईचा आवाज खिडकीतला आला.

"मला कळलं ते असं," ती म्हणाली. "तुमचं म्हणणं, इथं दांडा होता. होता. आईंना दिसत नाही म्हणून लावला. तुमच्या काकांनी तोंडी हो म्हटलं होतं, लेखी नाही. काल दुपारी यांनी तो घाबरून काढला, आणि ते चुकलं. आता वकीलसाहेब, मला एकच सांगा. एका माणसानं, एका पेचकसानं, एका दुपारीत जे काढलं आणि ज्याच्या जागी बोट बुडेल एवढीच भोकं उरली, त्याला पक्कं बांधकाम कुठल्या कायद्यात म्हणतात?"

वकिलानं एका भोकात करंगळी घातली, काढली, रुमालाला पुसली. मग पुतण्याला म्हणाला, "जरा बाहेर बोलू या." दोघं जिन्यात गेले. आतून शब्द कळत नव्हते, पण पुतण्याचा आवाज चढत होता आणि वकिलाचा तसाच राहत होता. नवरा भिंतीला टेकून उभा होता. आपल्या हातून झालेली घोडचूकच आपल्या कामी आली, हे त्याला आत्ता कुठं उमगत होतं, आणि त्याचा आनंद मानायची लाज वाटत होती.

ते परत आले तेव्हा पुतण्या बसला. म्हणाला, ठीक आहे. दांडा गेलाच आहे, तर विषय मिटवू. पुन्हा भिंतीला काहीही ठोकणार नाही असं लिहून द्या, आम्ही नोटीस मागे घेतो.

नवऱ्यानं पेन शोधायला खिशात हात घातलासुद्धा. त्याचं काय चुकलं? घर वाचत होतं.

"नाही," ताई म्हणाली. "दांडा परत लागणार."

"अहो!" नवरा म्हणाला.

"ताई, तुम्हाला घर हवंय की लाकूड?" पुतण्यानं विचारलं.

"आमच्या आईंना दांड्याशिवाय हे घर म्हणजे तुमच्या जिन्यासारखंच आहे. त्यांना राहता येणार नसेल तर घर वाचवून मी काय करू? तुम्ही परवानगी लेखी द्या आणि नोटीस लेखी मागे घ्या. नाही जमलं तर कोर्टात जा, तिथं येऊ आम्ही."

पुतण्या ताडकन उठला. कोर्ट म्हणजे काय असतं ते माहीत आहे का, वगैरे बरंच बोलला. ताईनं ऐकून घेतलं. वकिलानं कागद गोळा केले, आत पलंगाकडे एकदा पाहिलं आणि विचार करून कळवतो एवढंच म्हणून निघाला. जिन्यातली पावलं बंद होईपर्यंत ताई दारात उभी होती. दावा खरंच लागला तर? वकिलाची फी, तारखा, आणि शेवटी हरलो तर? हे सगळं तिला दिसत होतं. तिची मान ताठ होती ती काही भीती नव्हती म्हणून नव्हे.

नवऱ्यानं त्याच संध्याकाळी दुकानातून दांडा आणला. त्याच भोकांत, त्याच पेचांनी बसवला. मग घासून गुळगुळीत केला, पूर्वीपेक्षाही जास्त. आणि पलंगाजवळ जाऊन म्हणाला, "आई, लावला बघ. हात लाव."

म्हातारी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "राहू दे. पुन्हा काढशील."

ज्या माणसाला गावात कोणी बोलण्यात हरवलं नाही, तो पेचकस उचलून खाली दुकानात गेला. पुढचे कितीतरी दिवस तेच. म्हातारी पलंगावरून उतरेना. मोरीला जायचं तर सुनेला हाक मारायची आणि तिच्या खांद्याला धरून जायची. ताई कामावर गेली की तिच्या येण्याची वाट बघत बसून राहायची. लेक पुढं झाला तर म्हणायची, आत्ता नको. दांडा शेजारीच होता आणि ती त्याला बोट लावत नव्हती. ज्या गोष्टीची धास्ती घेऊन ताई कोर्टाच्या पायऱ्या चढली होती, ती घर न सुटताच घडली होती.

मग पत्र आलं. वकिलानं आपल्या अशिलाला काय सांगितलं कोण जाणे, पण नोटीस मागे घेतली होती, आणि खाली पुतण्याच्या सहीनं लिहिलं होतं की जागेत आधारासाठी लाकडी दांडा बसवायला परवानगी आहे, जागा सोडताना भोकं बुजवून द्यावीत. पुतण्या काही संत झाला नव्हता. उद्या दुसरं काही काढेल, तेव्हा बघू. पण आज ते होतं.

नवऱ्यानं पत्र आईच्या पलंगाशी बसून मोठ्यानं वाचलं. त्याला वाटलं, आता ती उठेल. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या परक्यानं लिहून दिलं," ती म्हणाली. "तू काय देतोस?"

तो ताईकडे पाहायला लागला. ताईनं मान खाली घातली, हे काही तिच्या खिडकीवरचं काम नव्हतं.

तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "आई, तुला न विचारता काढला. मला वाटलं, तुला काय कळणार, दिसत तर नाही. चुकलो." या घरातली एकही वस्तू इथून पुढं तिला विचारल्याशिवाय हलवणार नाही, असं त्यानं सांगितलं.

म्हातारीनं पाय खाली सोडले, पट्टीचा हात पोटाशी धरला आणि दुसरा पुढं केला. दांड्यावर नाही ठेवला. आधी लेकाच्या तोंडावरून फिरवला, गाल ओले आहेत का ते पाहिलं, आणि मग भिंतीकडे नेला.